‘सेप्टिक’ ते ‘सेप्सिस’

आपल्या घरोघरी रुळलेल्या इंग्रजी शब्दांची कोणी यादी केली, तर तीत ‘सेप्टिक’ हा शब्द बराच वर लागेल. भंडारा जिल्ह्यात पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असताना बांधीतल्या चिखलात एखाद्या बाईच्या पायाला काटा लागतो, चार दिवसांनी पाय सुजतो, पू होतो, आणि घरातली म्हातारी माणसे म्हणतात, “सेप्टिक झालं बाई, हळद लाव.” या बोलण्यात काळजी असते, पण घबराट नसते. सेप्टिक झालेली जखम ठणकते, वाहते आणि बहुधा यथावकाश बरी होते, असा आपला अनुभव आहे.

याच शब्दाचा सख्खा भाऊ इस्पितळात भेटतो, तेव्हा मात्र त्याचे रूप निराळे असते. रोग्याच्या खाटेपाशी डॉक्टर परिचारिकेला हळूच म्हणतात, “सेप्सिस वाटतोय,” आणि त्या दोन शब्दांसरशी सगळ्या हालचालींचा वेग पालटतो. रक्ताच्या बाटल्या भरल्या जातात, सलाईन जोराने सोडले जाते, औषध येण्याची वाट न पाहता कोणीतरी औषधभांडाराकडे पळत जाते. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना हे कोडे पडते. अपघात झालेला नाही, रक्त वाहत नाही, छातीत कळ आलेली नाही. माणूस तापाने किंचित बरळतो आहे, एवढेच. मग ही धावपळ कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दाच्या इतिहासात दडलेले आहे. त्या उत्तराचा एक फार मोलाचा भाग आपल्याच वैनगंगेच्या खोऱ्यात सापडला, म्हणून हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन.

*

शब्द मूळचा ग्रीक. सेप्सिस म्हणजे कुजणे. मांस कुजते, दलदल कुजते, जखमही कुजते, हे प्राचीन ग्रीक वैद्यांनी पाहिले होते आणि या सगळ्या प्रकारांना त्यांनी हे एकच नाव दिले. कुजण्याचे कारण काय, हे मात्र पुढे दोन हजार वर्षे कोणाला उमगले नाही. दूषित हवा, ग्रहमान, शरीरातील दोष, अशी नाना कारणे सांगितली जात.

१८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर एका विचित्र गोष्टीने बेचैन झाला होता. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाया सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक असत. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याचा मित्र कोलेत्श्का हा शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरीचा निसटता घाव लागून मरण पावला. मित्राच्या शवाची तपासणी वाचताना सेमेलवाइसच्या ध्यानी आले, की त्याच्या शरीरात जे बिघाड झाले होते, तेच त्या बाळंतिणींच्या शरीरात आढळत होते. म्हणजे बोटाची जखम आणि बाळंतिणीचे गर्भाशय ही केवळ दारे होती, आत शिरणारा शत्रू एकच होता. विद्यार्थी शवगृहातून थेट बाळंतिणीकडे येत आणि तो शत्रू आपल्या हातांवरून घेऊन येत. सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाया दगावत होत्या, त्या जूनमध्ये दोनांवर आल्या. तरीही बड्या डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही. १३ ऑगस्ट १८६५ रोजी वेड्यांच्या इस्पितळात तो वारला.

योगायोग असा, की त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगोच्या इस्पितळात गाडीखाली पाय मोडलेला अकरा वर्षांचा एक मुलगा जोसेफ लिस्टर यांच्याकडे आला. हाड कातडी फाडून बाहेर आले, की बहुधा पाय कापावा लागे, नाहीतर जखम कुजून रोगी जाई. लिस्टर यांनी ती जखम कार्बॉलिक आम्लात भिजवलेल्या कापडाने बांधली. ती कुजली नाही. सहा आठवड्यांनी मुलगा आपल्या पायांनी घरी गेला. कुजवणारे जंतू जखमेतच मारावेत, हा ‘अँटिसेप्टिक’ विचार येथून रुजला, आणि त्याचाच मागमूस आपल्या घरातल्या ‘सेप्टिक’ या शब्दात राहिला आहे. आपली म्हातारी माणसे बोलतात ती लिस्टरच्या काळातील भाषा. तिच्यात जखम कुजते, माणूस नव्हे.

*

जंतू जखमेची हद्द ओलांडून अंगभर पसरला तर काय, या प्रश्नाला लिस्टरकडे उत्तर नव्हते. ते उत्तर पेनिसिलिनच्या रूपाने आले, आणि ते ज्या रोग्यावर प्रथम अजमावले गेले, त्याची हकीकत आजही प्रत्येक डॉक्टरने ध्यानात ठेवावी अशी आहे.

ऑक्सफर्डचा पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर हा चेहऱ्यावरच्या एका लहानशा जखमेने आजारी पडला. गुलाबाचा काटा लागला होता, असे पुष्कळदा सांगितले जाते; ते कितपत खरे, याविषयी दुमत आहे. जंतूंनी चेहरा, टाळू आणि डोळे व्यापले, एक डोळा काढावा लागला, पुढे फुप्फुसांतही पू झाला. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याला पेनिसिलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. दुसऱ्याच दिवशी ताप उतरू लागला, भूक लागली, सूज ओसरू लागली. पण साऱ्या जगात त्या वेळी पेनिसिलिन होते ते चिमूटभर. शिपायाच्या लघवीतून बाहेर पडलेले औषध पुन्हा गाळून काढून त्यालाच टोचण्यात येई. पाच दिवसांत तेही संपले. काही दिवस तो तसाच तगून राहिला, मग रोग उलटला, आणि १५ मार्चला तो वारला.

या घटनेतून दोन गोष्टी दिसल्या. एक, रक्तात पसरलेल्या जंतूंनाही औषधाने मागे हटवता येते. दुसरी, औषध उशिरा आले किंवा अपुरे पडले, तर मागे हटलेला शत्रू परत येतो. पहिली गोष्ट जगाने मोठ्या आनंदाने उचलली. दुसरी ध्यानात यायला आणखी काही दशके जावी लागली.

पुढे पेनिसिलिन टनावारी बनू लागले, नवी नवी औषधे आली, आणि आता कुजण्याचे मरण संपले असे वाटू लागले. तसे झाले नाही. योग्य औषध मिळूनही, रक्तातले जंतू मरूनही, काही रोगी मरतच राहिले. हे कसे? १९७२ साली अमेरिकेतील लुइस टॉमस या डॉक्टर-लेखकाने असा विचार मांडला, की जंतूंपेक्षा जंतूंना पाहून आपले शरीर जो आकांत करते, तोच अधिक घातक ठरतो. पुढच्या संशोधनाने या विचाराला पुष्कळ बळ दिले. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी सेप्सिसची जी व्याख्या ठरवली, तीत हाच आशय आहे: जंतुसंसर्गाला शरीराने दिलेले उत्तर बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागले, की त्याला सेप्सिस म्हणावे. म्हणजे पायात पू झाला म्हणून सेप्सिस होत नाही. पायातल्या पुवापायी मूत्रपिंड थांबू लागले, भान हरपू लागले, तर तो सेप्सिस.

हे बेताल होणे म्हणजे काय, ते भंडारा जिल्ह्याच्या माणसाला तलावाच्या दाखल्याने चटकन कळेल. आपल्या जुन्या मालगुजारी तलावांची मांडणी आठवा. पाळ मजबूत असते, तुडुंब पाणी असते, पाटाने ते हिशेबाने खाली उतरते आणि शेवटच्या टोकाच्या बांधीपर्यंत पोचते. आता कल्पना करा, की सगळे पाट एकाएकी दुप्पट रुंद झाले आणि त्यांच्या काठांना जागोजागी भोके पडली. तलावात पाणी तेवढेच आहे, पण पाटातला जोर नाहीसा होतो, पाणी वाटेतच झिरपते, आणि टोकाची बांधी कोरडी राहते. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्यांचे असेच होते. जंतूंशी लढणाऱ्या पेशी जी रसायने सोडतात, ती एका जागी सोडली तर उपकारक असतात, कारण त्यांनी तेवढ्या जागेची वाहिनी रुंद होते आणि पांढऱ्या पेशींना बाहेर पडायला वाट मिळते. तीच रसायने अंगभर पसरली, की सगळ्याच वाहिन्या सैल पडतात आणि गळू लागतात. रक्तदाब घसरतो. अगदी बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. मग टोकाच्या बांध्या, म्हणजे मूत्रपिंड, मेंदू, यकृत, प्राणवायूवाचून सुकू लागतात.

बांधीतले पीक दोन तास पाण्यावाचून राहिले तर पुन्हा उभे राहते. दोन दिवस राहिले, तर मागून कितीही पाणी सोडले तरी उभे राहत नाही. डॉक्टरांच्या धावपळीचे मर्म एवढेच आहे.

*

आता ती धावपळ क्रमाने पाहू. समजा, पन्नाशीची एक बाई आहे, वजन पन्नास किलो. तीन दिवस लघवीला जळजळ होती, काल थंडी वाजून ताप आला, आज सकाळपासून ती असंबद्ध बोलते आहे, श्वास भराभर चालला आहे आणि रात्रीपासून लघवी झालेली नाही. जळजळ हे नुसत्या संसर्गाचे चिन्ह झाले. बरळणे, धाप आणि लघवी थांबणे ही अवयव हाक मारू लागल्याची चिन्हे आहेत. रक्तदाब मोजला तर तो घसरलेला निघतो.

डॉक्टर प्रथम तिचे रक्त दोन-तीन बाटल्यांत घेतात. यालाच इस्पितळाच्या बोलीत ‘कल्चर पाठवणे’ म्हणतात. त्या रक्तात जंतू वाढू द्यायचे आणि तो कोणता, कोणत्या औषधाला दबतो, ते पाहायचे. त्याच रक्तात ‘लॅक्टेट’ मोजतात. प्राणवायू कमी पडला, की पेशी निराळ्या मार्गाने काम चालवतात आणि हे द्रव्य साचते. ते वाढले असेल तर टोकाच्या बांध्या सुकू लागल्या असे समजायचे, मग रोगी वरवर कितीही शांत दिसो. लगेच शिरेतून जंतुनाशक औषध देतात. सलाईन किलोमागे तीस मिलिलिटर या हिशेबाने, म्हणजे या बाईला दीड लिटर, तीन तासांच्या आत. तेवढ्यानेही दाब सावरला नाही, तर नॉरअॅड्रिनलिन नावाचे औषध बारीक धारेने सोडून सैल पडलेल्या वाहिन्या आवळतात. आणि मूत्रमार्गात खडा अडकून पू तुंबला असेल, तर तो मोकळा करावाच लागतो, नाहीतर वरचे सगळे उपाय फोल.

येथे नातेवाईक नेहमी एक शंका काढतात, की जंतू कोणता ते न कळता औषध कसे देता? कल्चरचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात, आणि तेवढी सवड रोग देत नाही, हे याचे उत्तर. २००६ साली कॅनडा आणि अमेरिकेतील २७३१ रोग्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. या सगळ्यांचा रक्तदाब सेप्सिसने कोसळलेला होता. दाब कोसळल्यापासून पहिल्या तासात योग्य औषध मिळालेल्यांपैकी शंभरातले सुमारे ऐंशी वाचले होते. पुढच्या सहा तासांत प्रत्येक तासाच्या विलंबाबरोबर वाचण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांनी उतरत गेली होती. हे जुन्या नोंदींवरून काढलेले अनुमान आहे, त्यामुळे त्यावर पुष्कळ वाद झाला. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच तारतम्य ठेवले आहे: दाब कोसळला असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर औषध एका तासात, दाब ठीक असून नुसता संशय असेल तर झटपट तपासण्या करून तीन तासांत निर्णय. प्रत्येक तापाला जबर औषध टोचत सुटले, तर जंतूच त्या औषधांना सरावतात, ही दुसरी बाजू आहे.

अंदाज बांधताना मुलूखही पाहावा लागतो. पावसाळा सरता सरता विदर्भात गवतातल्या चिगर माइट नावाच्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ साली त्याची मोठी साथ आली होती. त्यातही ताप येऊन अवयव निकामी होतात, पण नेहमीची पेनिसिलिनच्या कुळीतील औषधे त्याला लागू पडत नाहीत, डॉक्सिसायक्लिन द्यावे लागते. विडीचा चटका बसावा तशी काळी खपली कधी काखेत, कधी जांघेत सापडते, आणि ती शोधणाऱ्या डॉक्टराचे दोन दिवस वाचतात.

*

हे सारे झाले इस्पितळाचे. जेथे इस्पितळच नाही तेथे या तासांचे काय, हा प्रश्न गडचिरोलीत विचारला गेला.

वैनगंगा भंडाऱ्याजवळून, पवनीजवळून वाहत दक्षिणेला उतरते आणि पुढे गडचिरोलीच्या सीमेने जाते. तीच धानाची शेती, तेच जंगल, बाळंतपणाच्या चालीरीतीही पुष्कळशा त्याच. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्या भागात जन्मणारी मुले किती आणि का मरतात, याची नोंद ते गावोगाव ठेवू लागले. एक महिन्याच्या आतल्या बाळांचे मरण सर्वांत हट्टी निघाले. बाळंतपणे बहुतेक घरीच होत. बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत असत, आणि इतक्या कोवळ्या जिवाला घराबाहेर काढण्याची रीत नव्हती. इस्पितळात न्या, असा सल्ला देऊनही फारसे कोणी जात नसे.

मग एका वर्षी, १९९५-९६ मध्ये, ३९ गावांत जन्मलेल्या ७६३ बाळांकडे पहिल्या दिवसापासून महिनाभर लक्ष ठेवण्यात आले. त्यांतली ४० बाळे दगावली. नवजात बालकांच्या तज्ज्ञाने प्रत्येक मृत्यूची टिपणे तपासली, तेव्हा ४० पैकी २१ मृत्यूंचे मुख्य कारण सेप्सिस किंवा न्यूमोनिया निघाले. अर्ध्याहून अधिक बाळे ज्या रोगाने जात होती, त्यावरची औषधे जुनी आणि स्वस्त होती. ती बाळापर्यंत पोचत नव्हती, एवढेच.

बाळ औषधाकडे येत नसेल, तर औषधाने बाळाकडे जावे, असे ठरले. प्रत्येक गावातली एक बाई निवडली गेली. शिक्षण पाचवी ते दहावीपर्यंतचे. तिला आरोग्यदूत म्हणत. ती बाळंतपणाच्या वेळी हजर राही आणि नंतर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, पंधराव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ पाही, तापमान घेई, वजन करी, आणि सगळे कागदावर उतरवी.

पण सेप्सिस ओळखायचा कसा? तिच्याजवळ कल्चर नव्हते की लॅक्टेट नव्हते. त्यातून नवजात बाळ या रोगात मोठ्या माणसासारखे वागत नाही. त्याला ताप येईलच असे नाही. उलट ते गार पडते. ते कण्हत नाही, तक्रार करीत नाही, नुसते निजून राहते, आणि घरच्यांना वाटते की बाळ शहाणे आहे. डॉ. बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साचलेल्या नोंदींतून चाळून सात खुणा पक्क्या केल्या: दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे बारीक होणे किंवा थांबणे, हातपाय लुळे पडणे, उलट्या किंवा पोट फुगणे, बाळ हाताला गार लागते असे आईने सांगणे, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे, आणि बेंबी पिकणे. यांतल्या कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या, तर सेप्सिस समजून उपचार करायचे.

याचा उपयोग कसा होई, ते एका उदाहरणाने पाहू. सातव्या दिवशी आरोग्यदूत एका घरी गेली आहे. आई म्हणते, “सकाळपासून पदर सोडून देतो, ओढतच नाही.” ही एक खूण. पण एकीवर भागत नाही, कारण बाळ कधी पोट भरले म्हणूनही दूध सोडते. ती बाळाच्या तळपायाला टिचकी मारते. पाचव्या दिवशीच्या कागदावर ‘मोठ्याने रडले’ असे तिनेच लिहिलेले असते. आज बारीक कुई होते आणि थांबते. ही दुसरी. हात उचलून सोडला तर तो गळून पडतो. ही तिसरी. आता थांबायचे कारण उरत नाही. ती प्रथम इस्पितळात न्यायला सांगते. घरचे नाही म्हणाले, तर त्यांची संमती घेऊन तेथेच मांडीत जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्सॅझोलचे पातळ औषध सुरू करते. बाळाला गुंडाळून उबेत ठेवते, आईचे दूध पिळून चमच्याने पाजायला शिकवते, आणि पुढे आठवडाभर किंवा अधिक, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनला येते. खूण दिसल्यापासून औषध अंगात जाईपर्यंत फार वेळ जात नाही, कारण औषध गावातच असते.

परिणाम काय झाला? उपचार सुरू होण्यापूर्वी नोंदल्या गेलेल्या सेप्सिसच्या १६३ बाळांपैकी २७ दगावली होती. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ बाळांपैकी दोन दगावली. शंभरातली साधारण सतरा होती, ती तीनांवर आली. या ३९ गावांतले नवजात मृत्यू आधी हजारी ६२ होते, ते १९९७-९८ साली २५ च्या आसपास उतरले. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी ठेवली होती, तेथे ते साठीच्या घरातच राहिले. सगळे श्रेय इंजेक्शनाचे नव्हते. उबेत ठेवणे, दूध पाजणे, जन्मताना गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, यांचाही त्यात वाटा होता. डिसेंबर १९९९ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि गडचिरोलीचे नाव जगभरच्या वैद्यकात गेले.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा सांगितली जात नाही. उपचाराविना १६३ पैकी २७ गेली, याचा अर्थ १३६ जगली. म्हणजे हळद लावून, नवस बोलून स्वस्थ बसणाऱ्या सहा घरांपैकी पाचांना वाटणार, की बघा, बाळ आपोआप बरे झाले. हा अनुभव खोटा नाही, आणि म्हणूनच तो घातक आहे. सहावे बाळ कोणते, हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही, आरोग्यदूताला नाही की मोठ्या डॉक्टरालाही नाही. ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो. सेप्सिसला तातडीचा रोग म्हणतात ते याच कारणाने: सहांनाही औषध द्यायचे, कारण निवडीला वेळ मिळत नाही.

*

या प्रयोगावर आक्षेपही आले. सातवी शिकलेल्या बाईने बाळाला इंजेक्शन द्यावे काय? जेंटामायसिन चुकीच्या मात्रेत मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करते, हे खरेच होते. शिवाय गावे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, म्हणून शास्त्राच्या काटेकोर नजरेने पुरावा थोडा उणा होता. त्यानंतर इतर देशांत प्रयोग झाले, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की बाळाला इस्पितळात नेणे शक्यच नसेल तर जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन असा उपचार इस्पितळाबाहेरही करता येईल. भारत सरकारने २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या घरभेटी देशभर सुरू केल्या, त्यात भेटींचा क्रम बराचसा गडचिरोलीचा आहे. इंजेक्शन मात्र तिच्या हाती दिले नाही. २०१४ साली ते ठराविक परिस्थितीत परिचारिकेच्या हाती दिले. आता बहुतेक बाळंतपणे इस्पितळात होतात, तरी बाळ दोन-तीन दिवसांत घरी येते, आणि सातव्या दिवशीचा दूध न ओढण्याचा प्रसंग घरातच घडतो.

येथे आपण आरंभीच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांकडे वळू. इस्पितळाच्या भाषेत आणि घरच्या भाषेत वाटते तेवढे अंतर नाही. डॉक्टर म्हणतात ‘चेतना मंदावली’, घरचे म्हणतात ‘कालपासून माणूस ओळखत नाही’. डॉक्टर म्हणतात ‘मूत्रपिंडाला रक्त कमी पडते’, घरचे म्हणतात ‘रात्रीपासून लघवीला उठले नाहीत’. गडचिरोलीच्या सात खुणा पुन्हा वाचाव्या. त्यांतल्या बहुतेक आईच्या तोंडच्या आहेत, आणि बाळ गार लागते ही तर तिच्या शब्दावरच घेतलेली आहे. तिच्या हाताला कळलेले मोजायला सुरुवात केली, तेव्हा ती खूण ठरली. म्हणून इस्पितळात पोचल्यावर ‘ताप आहे’ एवढेच सांगून थांबू नये. काल काय होते आणि आज काय नाही, ते सांगावे. ‘कालपर्यंत बोलत होते, आज सकाळपासून नाही’, या एका वाक्यात डॉक्टरांना जो तास हवा असतो तो असतो, आणि तो त्यांना दुसऱ्या कोणाकडूनही मिळत नाही.